नऊ नंबरला धरायचं कोणी?

शालेय हँडबॉलच्या विभागीय स्पर्धेत अमरावती विभागाचं गणित मोठं सोयीचं असतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे आणि अमरावती व अकोला या दोन महापालिका, असे सात संघ येतात. बाद फेरीत सात संघ म्हटले की एकाला पहिल्या फेरीत चाल मिळते. सतरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेत ती एकदा आमच्या चिठ्ठीला मिळाली. मैदान अकोल्यात होतं. सकाळी नऊला जे दोन संघ खेळणार होते, त्यातला जिंकणारा दुपारी तीनला आमच्यासमोर उभा राहणार होता.

चाल मिळाली की बरेच संघ सावली शोधून आडवे होतात. मला मात्र ती सकाळ पाहण्यासाठी हवी होती. शालेय स्पर्धेत समोरच्या संघाबद्दल आधी काहीच हाती नसतं. व्हिडिओ नसतात, जुने आकडे नसतात. गेल्या वर्षीचा संघ बघितला असला तरी त्यातली निम्मी मुलं वयात बसत नाहीत म्हणून गळालेली असतात. बाद सामना असल्यामुळे दुसरी संधीही नाही. जे काही कळायचं ते त्याच सकाळी, त्याच रेषेबाहेर बसून.

बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे येताना गाडीतच मी चार राखीव मुलांना कामं वाटून दिली होती. प्रत्येकाला फुलस्केपचा एकच कागद, एकच पेन आणि एकच खातं. पहिल्यानं फक्त समोरच्यांचे शॉट लिहायचे: कुणी मारला, कुठून मारला, काय झालं. दुसऱ्यानं फास्ट ब्रेक, म्हणजे चेंडू हिसकावून बचाव जमायच्या आत केलेला हल्ला: तो कुणी पळवला आणि चेंडू त्यांच्या हाती आला कसा. तिसऱ्यानं त्यांचा बचाव बघायचा: सहाही जण सहा मीटरच्या रेषेवर उभे आहेत की एकजण पुढे आला आहे, आणि गोल खाल्ला तर कुठल्या जागेवरून खाल्ला. चौथ्याकडे गोली. त्याच्या कागदावर गोलपोस्टचा चौकोन, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच, सहा घरांत विभागलेला. ज्या घरात गोल झाला तिथे टिंब, ज्या घरात अडवला तिथे फुली.

एका मुलाला दोन खाती दिली की दोन्ही बुडतात. हँडबॉलमध्ये चेंडू एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला चार-पाच सेकंद पुरतात. लिहिणाऱ्याची मान कागदावरून वर येईपर्यंत पुढचा शॉट होऊन गेलेला असतो. म्हणून रकानेही कमी ठेवावे लागतात. मी पूर्वी बघितलेल्या एका छापील तक्त्यात पासची संख्या, उंची, उडी, स्वभाव असे बावीस रकाने होते. तो तक्ता भरायला एक संघ वेगळा बसवावा लागेल.

मी स्वतः पहिल्या दहा मिनिटांत काही लिहीत नाही. फक्त बघतो. कोण कुणाकडे बघून पास देतो, शिट्टी झाल्यावर कोण आधी मागे वळतो, दमल्यावर कोण कमरेवर हात ठेवतो, हे खात्यात मावत नाही.

सामना सुरू झाला आणि तिसऱ्याच मिनिटाला आमची सगळी पोरं एकाच मुलाकडे बघू लागली. त्यांचा नऊ नंबर. लेफ्ट बॅक, म्हणजे नऊ मीटरच्या तुटक रेषेजवळ डाव्या बाजूला खेळणारा, उजव्या हाताचा, वयाच्या मानानं चांगला उंच. मातीच्या मैदानावर उडी मारून त्यानं वरून असा चेंडू घातला की समोरच्या गोलीनं हात उचलायच्या आधी जाळी हलली. प्रेक्षकांतून शिट्ट्या. आमचा सेंटर माझ्या कानाशी आला, "सर, हा लय डेंजर आहे जी. त्याले धरन कोन?"

प्रश्न रास्त होता. पण उत्तर द्यायची वेळ आली नव्हती. मी म्हटलं, "मोज आधी."

मध्यंतराला कागद तपासले. यात एक पडताळा सोपा आहे आणि तो टाळू नये: पहिल्या कागदावरच्या गोलांची बेरीज फळ्यावरच्या गोलांशी जुळली पाहिजे. फळ्यावर अकरा होते, कागदावर दहा. दुसऱ्या मुलाच्या फास्ट ब्रेकच्या कागदावर तो अकरावा सापडला. शॉट मोजणारा तेव्हा मागचा शॉट लिहीत होता. दुसरी चूक लपलेली असते. मुलं गोल इमानदारीनं लिहितात आणि हुकलेला शॉट विसरतात. पहिल्या काही मिनिटांत कागदावर गोलच गोल दिसत असतील तर समजायचं की पोट्टं टाळ्या वाजवतंय, मोजत नाही. त्याला तिथल्या तिथे सांगायचं की बाहेर गेलेला, गोलीनं अडवलेला आणि बचावाच्या हातावर आपटलेला, हे तिन्ही शॉटच आहेत.

त्या संघानं सामना २१-१६ जिंकला. नऊ नंबरचे आठ गोल. मैदानावरून उठणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तोच आकडा होता.

लिंबाखाली डबे उघडले आणि पोळी-भाजी खाताखाता आम्ही चारही कागद शेजारी मांडले. आठांपैकी तीन गोल सेव्हन मीटरचे होते, म्हणजे पेनल्टीचे. उरले पाच. ते पाच गोल करायला त्यानं खुल्या खेळात चौदा शॉट मारले होते. चारदा गोलीनं अडवले, तीनदा बचावाच्या हातांनी, दोनदा चेंडू बाहेर. चौदात पाच. सतरा वर्षांखालच्या मुलासाठी वाईट नाही, पण भिण्यासारखंही नाही.

आता दुसरा कागद. फास्ट ब्रेक अकरा, त्यात नऊ गोल. एकवीसपैकी नऊ! आणि त्यातला एकही नऊ नंबरचा नव्हता. सहा त्यांच्या उजव्या विंगचे, चार नंबरचे. तीन डाव्या विंगचे, अकरा नंबरचे. चार नंबर दिसायला किरकोळ, जमवलेल्या हल्ल्यात कोपऱ्यात उभा राहून चेंडूची वाट बघणारा. त्याच्यासाठी कुणीही शिट्टी वाजवली नव्हती. तो काय करत होता, तर समोरचा शॉटसाठी हात मागे नेतो त्याच क्षणी तो बचाव सोडून पळायला लागत होता. शॉट गोलीच्या हातात बसेपर्यंत तो मध्यरेषेवर. त्यांचा गोली न बघता त्या बाजूला लांब फेकत होता. सरावातलं काम होतं ते, नशिबाचं नव्हे.

इथे मात्र थांबून एक प्रश्न विचारावा लागतो: हे गोल यांनी केले की समोरच्यांनी दिले? म्हणूनच दुसऱ्या कागदावर 'काहून' असा एक रकाना मी मुद्दाम ठेवतो. चेंडू यांच्या हाती कसा आला ते त्यात एका शब्दात लिहायचं. अकरापैकी सहा वेळा समोरच्या संघाचा पास हुकला होता, पाच वेळा शॉट अडवला गेला होता. पास हुकण्यात समोरच्यांचा कच्चेपणा बराच होता, आमचे पास तितके हुकले नसते. म्हणून ते सहा मी अर्धेच धरले. अडवलेल्या शॉटवरचे पाच मात्र पूर्ण धरले, कारण शॉट आम्हीही मारणार होतो आणि त्यातले काही अडवले जाणारच होते.

त्यांच्या बचावाचा कागद साधा होता. पूर्ण सामना सहा-शून्य, सहाही जण रेषेवर. चेंडू ज्या बाजूला जाईल तिकडे सगळी रांग सरकायची, आणि परत येताना शेवटचा मुलगा अर्धं पाऊल उशिरा. त्यांच्यावर झालेल्या सोळा गोलांत बॅकच्या जागांवरून एकोणीस शॉटमध्ये सहा, विंगवरून सातात पाच, पिव्हटनं पाचात तीन, सेव्हन मीटरवर दोन. म्हणजे लांबून मारणं महाग आणि कोपरा स्वस्त. सात शॉट ही काही मोठी संख्या नाही, याची मला जाणीव असते. माझा ठोकताळा असा की पाचाहून कमी नोंदी असतील तर त्यावर डाव रचायचा नाही, आणि पाच-दहा असतील तर डोळ्यांनी दिसलेलं कारण सोबत असल्याशिवाय रचायचा नाही. इथे कारण दिसलं होतं: उशिरा सरकणारी रांग. चौथ्या मुलाच्या कागदावरही तेच वेगळ्या रीतीनं आलं होतं. विंगच्या शॉटवर त्यांचा गोली फार लवकर पुढे येऊन खाली बसायचा, त्यामुळे टिंबं वरच्या घरांत पडली होती.

नऊ नंबरबद्दलही एक कारण हाती लागलं. त्याचे पाचही गोल समोरचा बचावपटू सहा मीटरच्या रेषेवर खिळून राहिला तेव्हाचे. जेव्हा कुणी नऊ मीटरपर्यंत त्याच्या अंगावर गेला, तेव्हा त्यानं एकतर पास दिला किंवा घाईत कमरेतून मारलं. त्याला उडीसाठी तीन पावलं लागतात. ती मिळाली नाहीत तर तो निम्मा होतो.

कागदावरचं एवढं सगळं मुलांना सांगायचं नसतं. हे मी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकत असताना एका ज्येष्ठ शिक्षकांकडून ऐकलं होतं. आमच्या या मंडळाची स्थापना १९१४ची. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. गंमत अशी की हँडबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळला गेला तो त्याच बर्लिनमध्ये, अकरा-अकरा जणांचा, मोकळ्या गवतावर. आजचा सात जणांचा बंदिस्त मैदानावरचा खेळ पुरुषांसाठी १९७२मध्ये आला. आमची पोरं सात जणांचा खेळ मोकळ्या मातीवर खेळतात, म्हणजे दोन्हींच्या मधे कुठेतरी. आम्ही जे शिकलो ते असं की खेळाडूच्या डोक्यात धावताना एक वाक्य टिकतं, दोन अडखळतात. संघाला मिळून तीन वाक्यं खूप झाली, आणि प्रत्येक वाक्य कुणाचं आहे हे ठरलेलं हवं.

पहिलं वाक्य डाव्या विंगचं: आपला शॉट कुणीही मारो, तू चार नंबरसोबत पळ. त्यांचा उजवा विंग बचावात आमच्या डाव्या विंगसमोरच उभा असतो, त्यामुळे त्याला शोधायला जावं लागत नाही. शॉट आत जातो की नाही हे बघायचं नाही. मुलांना हे फार जड जातं, चेंडूकडे बघण्याचा मोह सुटत नाही. याच वाक्याची दुसरी बाजू आमच्या पिव्हटची. तो शॉटच्या वेळी सहा मीटरच्या रेषेला लागूनच असतो. गोलीनं चेंडू अडवला की त्यानं रेषेबाहेर, गोलीच्या फेकीच्या वाटेत हात वर करून उभं राहायचं. नियम याला आड येत नाही: गोली फेक करताना समोरचा खेळाडू गोलक्षेत्राच्या रेषेबाहेर लागून उभा राहू शकतो, फक्त चेंडू रेषा ओलांडेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. गोलीनं एक क्षण थांबून दुसरी बाजू शोधली तरी आमचं काम झालं.

दुसरं वाक्य बचावाचं, उजवीकडून दुसऱ्या मुलाचं: नऊ नंबरकडे चेंडू निघाला की तू निघ, चेंडू पोचल्यावर नाही. त्याच्या फेकणाऱ्या हाताच्या बाजूनं जा, समोरून छाती लाव, मागून धरू नकोस. हे शेवटचं मला तीनदा सांगावं लागलं. आमच्या भागातली निम्मी पोरं कबड्डीतून हँडबॉलमध्ये येतात. माणूस निसटतोय असं दिसलं की त्यांचे हात आपोआप कमरेला जातात. कबड्डीत ती पकड असते, इथे दोन मिनिटांची शिक्षा. संघाला दोन मिनिटं एक कमी माणूस घेऊन खेळावं लागतं, आणि गोलची स्पष्ट संधी अडवली असेल तर वर सेव्हन मीटर. सेव्हन मीटरवर त्यांनी चारात तीन मारले होते. तिथे नऊ नंबर खरोखर डेंजर होता.

तिसरं वाक्य हल्ल्याचं, सेंटरचं: चेंडू एका बाजूला दोन पास खेळव, मग एकदम दुसऱ्या टोकाच्या विंगला. विंगनं वर मारायचं. यात एक अडचण होती. चेंडू फिरवत बसलं की पंच हात वर करून निष्क्रिय खेळाचा इशारा देतात, आणि २०२२च्या नियमांपासून त्या इशाऱ्यानंतर चारच पास मिळतात, पूर्वी सहा मिळत. म्हणून इशारा दिसला की चौथ्या पासची वाट न बघता मारायचं, हे त्याच वाक्याला जोडलं.

गोलीला वेगळं बाजूला घेऊन सांगितलं. नऊ नंबरच्या लक्ष्यावर गेलेल्या आणि बाहेर गेलेल्या अकरा शॉटपैकी सात गोलीच्या डाव्या हाताला खाली होते. पण त्यावर आधीच झेपावू नकोस. त्याला तीन पावलं मिळाली नाहीत आणि त्यानं कमरेतून मारलं, तरच तिकडे झुक. बाकी संघाला हे ऐकवायची गरज नव्हती.

दुपारी मैदान रिकामं नव्हतं. झाडाखाली पाण्याच्या बाटल्या ठेवून गोल आखला आणि तिन्ही वाक्यं चालत चालत करून घेतली. पळायचं नाही, घाम काढायचा नाही, फक्त कोण कुठून कुठे जातो ते पायांना कळू द्यायचं. मग प्रत्येकाकडून त्याचं वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं. डावा विंग म्हणाला, "चार नंबर घरी जाऊन राहिला तरी त्याच्या संगं जातो." मला एवढं पुरे होतं.

सामन्यात पहिली बारा-पंधरा मिनिटं सगळं कागदासारखं झालं. चार नंबर दोनदा पळाला आणि दोन्हीदा आमचा विंग त्याच्या खांद्याला खांदा लावून. त्यांच्या गोलीची एक लांब फेक थेट रेषेबाहेर गेली. नऊ नंबर चिडला आणि सेंटरकडे जाऊन चेंडू मागू लागला.

मग त्यांचा अकरा नंबर जागा झाला. आमचा दुसरा बचावपटू पुढे गेला की त्याच्यामागे जागा मोकळी व्हायची. ती भरायला आमचा कोपऱ्यातला मुलगा आत सरकायचा आणि त्यांचा डावा विंग एकटा पडायचा. नऊ नंबरनं हे ओळखलं. मारायच्या ऐवजी तो शेजारी पास देऊ लागला आणि अकरा नंबरनं पाच गोल केले. सकाळच्या कागदावर जमवलेल्या हल्ल्यात त्यांच्या दोन्ही विंगचे मिळून सात शॉट आणि दोन गोल एवढीच नोंद होती. कागद खोटा नव्हता. सकाळच्या संघानं नऊ नंबरला पुढे जाऊन क्वचितच अडवलं होतं, त्यामुळे विंगला चेंडू द्यायची पाळी त्याच्यावर फारशी आली नव्हती. समोरचा संघ दुसऱ्याशी कसा खेळला ते कागद सांगतो. तुम्ही डाव बदलला की तोही बदलतो, आणि ते कुठल्याच खात्यात आधी नसतं.

टाइम-आउट एक मिनिटाचा असतो. त्यात मी एवढंच सांगितलं की दुसऱ्यानं पुढे जाणं सुरू ठेवायचं, कोपऱ्यातल्यानं आत सरकायचं नाही, मधली जागा तिसऱ्यानं भरायची. मग पिव्हट थोडा मोकळा होणार होता. त्यांच्या पिव्हटनं सकाळी चारात दोन मारले होते. चार नोंदी म्हणजे माझ्याच ठोकताळ्यानुसार भरवसा ठेवण्याजोग्या नाहीत, पण चेंडू त्याच्या हातात नीट बसत नव्हता हे मी सकाळी डोळ्यांनी बघितलं होतं. काहीतरी सोडावंच लागतं. मी तो सोडला.

आम्ही १८-१६ नं जिंकलो. त्यांचे फास्ट ब्रेकचे गोल नऊवरून तीनवर आले. आमच्या अठरापैकी आठ विंगवरून आले, त्यातले बहुतेक वरच्या घरांत. नऊ नंबरनं खुल्या खेळात तीन आणि सेव्हन मीटरवर तीन केले. त्या तीन सेव्हन मीटरपैकी दोन आमच्या एकाच मुलानं मागून धरल्यामुळे मिळाले होते. त्याच्या हातांना कबड्डी विसरायला एक दुपार पुरली नाही.

तेव्हापासून कागदात एकच भर घातली आहे. खाली एक रिकामी ओळ असते: 'आपण हे केलं तर ते काय करतील?' ती सामन्याआधी मुलांनाच भरायला लावतो, आणि जे उत्तर येईल त्याला कोण सामोरं जाणार ते तिथेच ठरवतो. ज्या क्रीडाशिक्षकांना हे करून बघायचं आहे त्यांना एवढंच सांगेन: खाती चार, मुलं चार, आणि मध्यंतराला खाती अदलाबदल करू नका. पहिल्या हाफचा आणि दुसऱ्या हाफचा कागद एकाच हातचा असेल तरच दोन्हींची बेरीज करता येते.